लोगो किती सेकंद दिसला?

१६ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मेडोलँड्स इथं मोटारींची एक शर्यत झाली. तिचं नावच मुळी ‘मार्लबोरो ग्रां प्री’. सिगारेटच्या जाहिराती टीव्हीवर दाखवायला अमेरिकेत १९७१च्या जानेवारीपासून बंदी होती. पण शर्यतीचं प्रक्षेपण म्हणजे जाहिरात नव्हे, असा हिशेब होता. डॉ. अ‍ॅलन ब्लम या डॉक्टरांनी त्या प्रक्षेपणाची टेप समोर ठेवून मोजणी केली आणि ती १९९१मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. मार्लबोरोचं नाव किंवा चिन्ह त्या प्रक्षेपणात ५,९३३ वेळा आलं होतं. सुमारे दीड तासाच्या कार्यक्रमातली साधारण ४६ मिनिटं ते पडद्यावर कुठे ना कुठे होतं.

टेप एकच, पण तिच्यातून निघालेले आकडे दोन. ५,९३३ हा आकडा ऐकून माणूस दचकतो. ४६ मिनिटं ऐकल्यावर मात्र तो विचार करतो, की म्हणजे अर्धा कार्यक्रम. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. प्रायोजकाला अहवाल देताना यातला कोणता आकडा पुढे केला जातो आणि तो कसा काढला जातो, यावर तो अहवाल प्रामाणिक आहे की नाही, हे ठरतं.

धंदा म्हणून ही मोजणी १९८०च्या दशकात रुळली. अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर या गावातली जॉइस ज्युलियस ही कंपनी मोटारशर्यतींची प्रक्षेपणं पाहून कोणाचा लोगो स्पष्ट आणि वाचता येईल असा किती वेळ दिसला, हे टिपायची. तेवढ्या वेळाची जाहिरात विकत घेतली असती तर किती पैसे पडले असते, हेही ती सांगायची. आज मोठ्या लीगांसाठी हे काम संगणक करतो. महाराष्ट्रात मात्र गावोगावच्या कबड्डी स्पर्धा, मॅरेथॉन आणि नाट्यमहोत्सव यूट्यूबवर थेट दिसू लागले आहेत. तिथं आयोजक प्रायोजकाला ‘तुमचा लोगो भरपूर दिसला’ एवढंच तोंडी सांगतात. प्रायोजकाची पुढच्या वर्षी पैसे देण्याची तयारी मात्र या ‘भरपूर’वर अवलंबून असते. ही मोजणी साध्या संगणकावर, एक-दोन माणसांनी नीट करता येते. त्यासाठी एक सामना नमुन्यादाखल घेऊ.

समजा, राज्यस्तरीय कबड्डी स्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना आहे. मॅट १३ बाय १० मीटरची, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. वेळ मागून घेण्यात आणि पंचांच्या चर्चेत आणखी काही मिनिटं जातात आणि यूट्यूबवर गेलेलं चित्रण बरोबर ५२ मिनिटांचं, म्हणजे ३,१२० सेकंदांचं होतं. मुख्य कॅमेरा मॅटच्या लांब बाजूला मधोमध, उंच मचाणावर आहे. दुसरा कोपऱ्यात खाली, तिसरा हातात धरून फिरणारा. प्रायोजक चार. एका सहकारी बँकेचा लोगो मॅटच्या मधोमध छापलेला आहे. एका मसाल्याच्या कंपनीचे बारा फलक मॅटभोवती उभे आहेत. दूध संघाचा लोगो पडद्यावरच्या गुणांच्या पट्टीत आहे. समोरच्या बाजूच्या एलईडी पट्टीवर चार जाहिराती दहा-दहा सेकंद आळीपाळीने फिरतात आणि त्यात दुसऱ्या क्रमांकावर एक सराफी पेढी आहे.

पहिला घोळ मोजणी सुरू होण्याआधीच होऊ शकतो, तो म्हणजे चुकीची फाइल उचलणं. चित्रीकरण करणाऱ्याकडे बहुधा दोन प्रती असतात. एक प्रेक्षकांनी पाहिली ती, गुणांची पट्टी आणि नावं चढवलेली. दुसरी ‘क्लीन फीड’, म्हणजे कोऱ्या चित्राची. ती जास्त स्वच्छ आणि ठळक असते, म्हणून मोजणाऱ्याला तीच बरी वाटते. पण कोऱ्या प्रतीत गुणांची पट्टीच नसते, त्यामुळे दूध संघाच्या वाट्याला शून्य येतं. आणि दाबून लहान केलेल्या यूट्यूबच्या प्रतीत जे फलक पुसट झाले, ते इथं सुबक दिसतात. मोजायचं असतं ते प्रेक्षकांपर्यंत पोचलेलं चित्र. म्हणून प्रक्षेपित झालेली प्रतच घ्यायची, आणि तीही संपूर्ण. ठळक क्षणांची दहा मिनिटांची चित्रफीत वेगळी निघाली असेल तर तिचा हिशेब वेगळा मांडायचा, मूळ सामन्यात मिसळायचा नाही.

दुसरा घोळ घड्याळाचा. चित्रफीत म्हणजे सेकंदाला ठरावीक संख्येनं येणाऱ्या स्थिर चित्रांची, फ्रेमची, रांग. भारतात टीव्हीच्या चित्रणाचा वेग सेकंदाला २५ फ्रेम असा रूढ आहे. मोबाइलवर मात्र बहुधा ३०. फ्रेम मोजून २५ने भागायची सवय असलेल्या माणसाच्या हातात ३०ची फाइल आली, तर त्याचा प्रत्येक आकडा २० टक्क्यांनी फुगतो. मोबाइलच्या चित्रणात आणखी एक खोड असते. प्रकाश कमी झाला की फोन स्वतःहून वेग घटवतो, त्यामुळे एकाच फाइलमध्ये वेग बदलत राहतो. हे आधीच तपासता येतं. एफएफप्रोब हे मोफत साधन फाइलचा वेग दोन रीतींनी सांगतं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 \
 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate \
 -of csv=p=0 antim.mp4
```

उत्तरात `25/1,25/1` असे दोन सारखे आकडे आले तर बहुधा वेग स्थिर आहे. ते वेगळे आले तर वेग बदलता असल्याचा संशय घ्यायचा आणि फ्रेमच्या क्रमांकावर विसंबायचं नाही. प्रत्येक फ्रेमवर नोंदलेली वेळच धरायची.

आता खरा प्रश्न. लोगो ‘दिसला’ म्हणजे नेमकं काय?

याचं उत्तर मोजणी सुरू होण्याआधी कागदावर उतरलेलं हवं आणि चारही प्रायोजकांना ते एकच लागू हवं. बऱ्याच ठिकाणी आकारमानाची अट घालतात, उदाहरणार्थ लोगोनं पडद्याचा किमान अर्धा टक्का व्यापला पाहिजे. ऐकायला ती निःपक्षपाती वाटते. मात्र आपल्या सामन्याला लावली की तिचं खरं रूप दिसतं. १९२० बाय १०८०च्या चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. त्याचा अर्धा टक्का म्हणजे १०,३६८ बिंदू. गुणांच्या पट्टीतला दूध संघाचा लोगो समजा १३० बाय ४५ बिंदूंचा आहे. म्हणजे ५,८५०, टक्क्यात सांगायचं तर ०.२८. तो बहुतेक सगळा सामना पडद्यावर होता, जागचा हलला नाही, स्वच्छ वाचता येत होता. तरी या अटीनं तो पूर्ण बाद. उलट कॅमेरा चढाईपटूच्या मागे झर्रकन वळतो तेव्हा मसाल्याचा फलक पडद्याचा तीन-चार टक्के भाग व्यापतो, पण फरफटल्यामुळे त्यातलं अक्षरही लागत नाही. तो मात्र खुशाल मोजला जातो. म्हणजे आकाराची अट वाचता येणाऱ्याला हाकलते आणि न वाचता येणाऱ्याला आत घेते.

त्यापेक्षा वाचनावर बेतलेली अट बरी. उदाहरणार्थ अशी: फ्रेम थांबवल्यावर नावाची किमान तीन चतुर्थांश अक्षरं उघडी असावीत, अक्षरांची उंची १०८० ओळींच्या चित्रात किमान २४ बिंदू असावी, आणि प्रायोजक कोण हे ठाऊक नसलेल्या माणसाला ते नाव वाचता यावं. २४ हा आकडा काही वरून आलेला नाही. तो पंधरा-वीस नमुना फ्रेम फोनच्या पडद्यावर लोकांना दाखवून ठरवायचा, कारण गावच्या सामन्याचे बरेचसे प्रेक्षक फोनवरच बघतात आणि मोजणारा माणूस बसलेला असतो मोठ्या मॉनिटरसमोर. तिसरी अट, अनोळखी डोळ्यांची, सगळ्यांत महत्त्वाची आहे. महिनाभर त्या बँकेचे फ्लेक्स हाताळलेल्या आयोजकाला निळ्या रंगाचा एक कोपरा दिसला तरी बँकेचं नाव दिसतं. त्याला मोजायला बसवणं चूक.

याला वेळेची अट जोडावी लागते. पाव सेकंद चमकून गेलेलं नाव कोणी वाचत नाही. सलग एक सेकंद दिसलं तरच धरायचं, असा नियम ठेवता येतो. पण कबड्डीत माणसं सतत आडवी येतात. बँकेचा लोगो दहा सेकंद दिसतो आहे, मध्येच एक बचावपटू त्याच्यावरून पाव सेकंदात पलीकडे जातो. हे दोन वेगळे प्रसंग मानायचे का? नियमात लिहून टाकायचं, की अर्ध्या सेकंदापर्यंतचा खंड हा खंड मानायचा नाही. असं कोणतं तरी टोक पकडावंच लागतं. ते कुठे पकडलं, हे अहवालात उघड लिहिलेलं असलं म्हणजे झालं.

मोजण्यासाठी सगळ्यांत सोपी रीत म्हणजे चित्रफितीतून ठरावीक अंतरानं फ्रेम काढायच्या आणि त्या तपासायच्या. हेही मोफत साधनानं होतं:

```
ffmpeg -i antim.mp4 -vf fps=5 -q:v 2 chitra_%05d.jpg
```

इथं सेकंदाला पाच फ्रेम काढल्या आहेत. ३,१२० सेकंदांच्या १५,६०० फ्रेम होतात. इतक्या कशाला, दर वीस सेकंदांनी एक पुरे की, असं कोणालाही वाटेल. एलईडी पट्टीचं गणित पाहिलं की तो मोह आवरतो. पट्टीवर चार जाहिराती दहा-दहा सेकंद फिरतात, म्हणजे पूर्ण फेरी चाळीस सेकंदांची. दर वीस सेकंदांनी फ्रेम घेतली तर एकदा पहिली जाहिरात सापडते, एकदा तिसरी, मग पुन्हा पहिली, पुन्हा तिसरी. दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाची जाहिरात ५२ मिनिटांत एकदाही हाती लागत नाही. सराफी पेढीला शून्य मिळतं आणि पहिल्या जाहिरातवाल्याला दुप्पट. मोजणाऱ्यानं कोणावर अन्याय करायचं ठरवलेलं नसतं. त्याच्या फ्रेम घेण्याची लय आणि पट्टीची लय जुळलेली असते, एवढंच. एखाद्या फिरत्या जाहिरातीचा आकडा शून्य किंवा शेजाऱ्याच्या दुप्पट आला, तर आधी या लयीवरच संशय घ्यावा.

सेकंदाला एक फ्रेमही एकूण वेळेच्या अंदाजाला चालते. मात्र ‘सलग एक सेकंद’ आणि ‘अर्ध्या सेकंदाचा खंड’ हे नियम तिच्यानं तपासता येत नाहीत. सेकंदाला पाच घेतल्या की दोन फ्रेममध्ये ०.२ सेकंदाचं अंतर राहतं, आणि ते या नियमांना पुरतं.

हजारो फ्रेम एकेक करून पाहणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. प्रत्येकीला चार सेकंद धरले तरी सतरा तासांहून जास्त वेळ जाईल, आणि चौथ्या तासापासून नजर मरते. म्हणून माणसानं मोजायचं तर तो चित्रफीत चालवून लोगो आला की सुरुवात आणि गेला की शेवट अशी खूण करतो. शंकेच्या जागी तेवढ्या फ्रेम उघडून पाहतो. भाषेच्या अभ्यासकांसाठी नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेनं तयार केलेलं ‘एलान’ हे मोफत साधन या कामाला चपखल बसतं. त्यात चित्रफितीखाली प्रत्येक प्रायोजकाची एक आडवी पट्टी करता येते आणि तिच्यावर ‘इथून इथपर्यंत’ असे तुकडे आखता येतात.

आता ब्लम यांच्या दोन आकड्यांचा प्रश्न आपल्या मॅटवर कसा उभा राहतो, ते पाहू. चौदा मिनिटं दहा सेकंदांनी एक चढाई सुरू होते आणि पूर्ण तीस सेकंद चालते, १४:४० पर्यंत. या चढाईत मसाल्याच्या कंपनीचे तीन फलक दिसले. पहिला १४:१० ते १४:२२, म्हणजे बारा सेकंद. दुसरा १४:१८ ते १४:२७, नऊ सेकंद. तिसरा १४:२० ते १४:३५, पंधरा सेकंद. बेरीज केली तर छत्तीस होतात. तीस सेकंदांच्या चढाईत छत्तीस सेकंद! हे तुकडे एकमेकांवर चढलेले आहेत. १४:२० ते १४:२२ या दोन सेकंदांत तिन्ही फलक एकदम पडद्यावर होते आणि ते दोन सेकंद तीनदा मोजले गेले. निदान एक तरी फलक दिसत होता असा काळ १४:१० ते १४:३५ एवढाच, म्हणजे पंचवीस सेकंद.

पंचवीस हा ‘उपस्थितीचा काळ’. छत्तीस हे ‘फलक-सेकंद’. दोन्ही उपयोगी आहेत. कंपनीनं बारा फलकांचे पैसे दिले, तर बारा फलकांनी मिळून काय काम केलं हे तिला कळायला हवं. पण मॅटवर एकच लोगो असलेल्या बँकेशी तिची तुलना करायची तर ती उपस्थितीच्या काळावरच व्हायला हवी. नाहीतर ज्याचे फलक जास्त, त्याचा वेळ सामन्याच्या वेळेलाही मागे टाकतो. कोणत्याही अहवालाची खोच तपासायची असेल तर हा प्रश्न विचारावा: एखाद्या प्रायोजकाचे सेकंद चित्रफितीच्या एकूण सेकंदांहून जास्त आहेत का? असतील, तर बेरीज केलेली आहे, आणि तसं लिहिलेलं असायला हवं.

बँकेच्या लोगोची गोष्ट आणखी निराळी. तो जमिनीवर आडवा आहे. उंच मचाणावरून तो दबलेला दिसतो, पण वाचता येतो. कोपऱ्यातल्या खालच्या कॅमेऱ्यातून त्याची नुसती एक निळी रेघ उरते. क्रिकेटच्या मैदानावर गवतात रंगवलेले मोठे लोगो याच कारणानं मुद्दाम ताणून काढतात. मुख्य कॅमेऱ्यातून ते उभे फलक असल्यासारखे दिसतात आणि दुसऱ्या कॅमेऱ्यातून लांबलचक डाग. त्यामुळे जमिनीवरच्या लोगोचा वेळ कॅमेरावार वेगळा लिहिलेला असेल तर बँकेला उमगतं, की दिग्दर्शकानं खालच्या कॅमेऱ्यावर घेतलेल्या प्रत्येक दृश्यात तिचं नाव गळालं. फेरदृश्यंही वेगळी नोंदायची. अव्वल पकड झाली की ती संथ गतीनं तीनदा दाखवतात. ते सेकंद प्रेक्षकानं पाहिलेले असतात, म्हणून मोजायचे. पण ज्याच्या फलकासमोर ती पकड झाली त्याला हे घबाड योगायोगानं लागलेलं असतं, म्हणून मूळ खेळाच्या सेकंदांत ते मिसळायचे नाहीत.

खुणा करून झाल्या की त्या खऱ्या कशावरून? एकाच माणसाच्या नजरेवर अहवाल उभा करायचा नाही. सामन्यातली पाच-सहा मिनिटं चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि दुसऱ्या माणसाला पहिल्याच्या खुणा न दाखवता तीच मिनिटं मोजायला द्यायची. इथं एक फसगत ठरलेली असते. समजा, पहिल्यानं सराफी पेढीसाठी ८० सेकंद टिपले आणि दुसऱ्यानंही ८०. दोघं खूश. मात्र खुणा एकमेकांवर ठेवून पाहिल्या तर दोघांनी एकाच वेळी ‘दिसला’ म्हटलेले सेकंद निघतात फक्त ६०. वीस सेकंद पहिल्याला दिसले ते दुसऱ्याला नाहीत, आणि दुसऱ्याचे वीस पहिल्याला नाहीत. दोघांचं मिळून एकूण क्षेत्र १०० सेकंदांचं आणि मेळ ६० टक्क्यांचा. आकडा जुळला तो योगायोगानं. एकूण सेकंद जुळले म्हणून थांबायचं नाही, खुणा जुळल्या का ते बघायचं. मेळ कमी आला तर बहुधा माणूस चुकत नसतो, नियम मोघम असतो. ‘तीन चतुर्थांश अक्षरं’ म्हणजे जोडाक्षर एक धरायचं की दोन, अशा बारीक जागी तो सुटलेला सापडतो. नियम दुरुस्त करायचा आणि चारही प्रायोजकांची मोजणी त्या नव्या नियमानं पुन्हा करायची. एकट्या सराफी पेढीची नव्हे.

संगणकाकडून लोगो ओळखून घेणं आता अवघड राहिलेलं नाही. प्रत्येक लोगोची काही शे चित्रं दाखवून त्याला शिकवलं की तो १५,६०० फ्रेम थोड्या वेळात चाळतो आणि थकत नाही. पण त्याच्या चुका सगळ्यांना सारख्या वाटलेल्या नसतात, आणि अन्याय शिरतो तो इथून. बँकेची अक्षरं जाड, पांढरी, निळ्यावर. सराफी पेढीची अक्षरं बारीक, सोनेरी, पिवळसर उजेडात न्हालेली. तपासणीसाठी माणसानं प्रत्येकीच्या अशा शंभर फ्रेम निवडल्या, ज्यांत नाव नियमाप्रमाणे दिसतंच. त्यांपैकी संगणकाला बँक ९५ ठिकाणी सापडली आणि सराफी पेढी ७० ठिकाणी. आता संगणकाचा अहवाल म्हणाला, की दोघांना ३००-३०० सेकंद मिळाले. प्रत्यक्षात बँकेचे सुमारे ३१६ सेकंद असणार आणि पेढीचे सुमारे ४२९. तेही संगणकानं नसलेल्या जागी लोगो पाहिला नाही असं धरून. तशा चुकांची तपासणी वेगळी करून ते सेकंद वजा करावे लागतात. ‘आमची प्रणाली ९० टक्के अचूक आहे’ या वाक्याला इथं काही अर्थ नाही. अचूकता प्रायोजकागणिक सांगितलेली हवी.

मराठी स्पर्धांत एक अडचण हमखास येते. एकाच प्रायोजकाचं नाव मॅटवर रोमन लिपीत, फलकावर देवनागरीत आणि जर्सीवर नुसतं चिन्ह, असं तीन रूपांत असतं. संगणकाला रोमन रूपावर शिकवलेलं असेल तर देवनागरी फलक त्याच्या लेखी कोराच असतो. ज्या प्रायोजकानं गावच्या प्रेक्षकासाठी आवर्जून मराठीत फलक केला, त्याचेच सेकंद बुडतात. म्हणून मैदानात काय काय लावलं आहे त्याचे फोटो सामन्याच्या सकाळीच काढून ठेवायचे आणि प्रत्येक रूप वेगळं शिकवायचं.

सेकंद हातात आल्यावर त्यांचे रुपये करायची घाई होते. दहा सेकंदांच्या जाहिरातीचा दर समजा दोन हजार रुपये आहे. मसाल्याच्या कंपनीचा उपस्थितीचा काळ ६०० सेकंद, म्हणजे एक लाख वीस हजार. फलक-सेकंद १,४०० धरले तर तोच आकडा दोन लाख ऐंशी हजार होतो. एका गुणाकारात एक लाख साठ हजारांचा फरक, तोही खेळात काडीचा बदल न होता. शिवाय जाहिरातीचे दहा सेकंद म्हणजे अख्खा पडदा, आवाज आणि सांगायची गोष्ट. चढाईच्या मागे दिसणारा फलक म्हणजे पडद्याचा एक कोपरा, आणि प्रेक्षकाची नजर चढाईपटूवर. हे ओळखून मोठ्या मापन कंपन्या आकार, जागा, सलग दिसण्याचा काळ आणि त्याच वेळी दिसणारे इतर लोगो यांचा विचार करून किंमत कमी करतात. जनसंपर्काचं मोजमाप करणाऱ्यांनी २०१०मध्ये बार्सिलोनात जी तत्त्वं मान्य केली, त्यांत तर जाहिरातीच्या दराशी केलेली बरोबरी हे मूल्य नव्हेच, असं स्पष्ट म्हटलं आहे. आयोजकांना रुपयांचा रकाना ठेवायचाच असेल तर त्यांनी तो वेगळा ठेवावा, सूत्र शेजारी छापावं आणि सेकंदांचा रकाना त्याच्याआधी यावा.

सेकंदांतून आयोजकांना स्वतःलाही काही कळतं. मसाल्याच्या बारा फलकांचा हिशेब फलकवार मांडला की चार फलकांसमोर अगदी किरकोळ आकडे येतात. ते खराब झालेले नव्हते की कोणी झाकलेही नव्हते. मुख्य कॅमेऱ्याचं मचाण ज्या बाजूला होतं, त्याच बाजूला ते मॅटकडे तोंड करून उभे होते. कॅमेऱ्याकडे त्यांची पाठ होती. हॉलमधल्या समोरच्या प्रेक्षकांना ते नीट दिसले, चित्रात मात्र फक्त हातातल्या कॅमेऱ्याच्या उलट दृश्यांत आले. दर बाराही फलकांचा सारखाच लावलेला होता. असं कोष्टक हाती आल्यावर कंपनीला दोन गोष्टी मागता येतात: त्या चार फलकांचा दर कमी करा, किंवा पुढच्या वेळी त्यांची जागा बदला. आयोजकांनाही करार करताना मचाण कुठे उभं राहणार, हे आधी विचारावं लागतं.

एवढं करूनही कोणी आकड्यावर हरकत घेणारच, आणि ती घेता यावी अशीच अहवालाची रचना हवी. त्याला तीन गोष्टी जोडायच्या: मोजलेली मूळ फाइल, नियमांचं पान आणि खुणांची यादी. यादीत प्रत्येक ओळीला प्रायोजक, लोगोची जागा, सुरुवात, शेवट, कॅमेरा आणि मूळ दृश्य की फेरदृश्य, एवढं असतं. फाइल मागाहून बदललेली नाही हे दाखवण्यासाठी तिचा ठसा काढून ठेवता येतो:

```
sha256sum antim.mp4
```

फाइलमधला एक बिंदू जरी बदलला तरी हा ठसा बदलतो. मग बँकेच्या अधिकाऱ्यानं ‘चौदाव्या मिनिटाला आमचा लोगो दिसत होता, तुम्ही धरला नाही’ म्हटलं, की वाद घालायची गरज उरत नाही. दोघांनी एकच फाइल उघडायची, त्या सेकंदावर थांबायचं आणि नियमाप्रमाणे अक्षरं मोजायची. अधिकाऱ्याचं म्हणणं बरोबर निघालं तर यादीत एक ओळ वाढते, आणि त्या क्षणी आणखी कोणाचा लोगो तसाच सुटला होता का, हे बाकी तिघांसाठीही पाहिलं जातं.